पुसलं गेलेलं नोटिफिकेशन परत कसं पाहाल

फोन टिंग करतो. वरून पट्टी खाली येते. हात कणकेत असतात, किंवा फोन नातवाच्या हातात असतो. बोट फिरतं आणि पट्टी निघून जाते. मग दिवसभर डोक्यात एकच राहतं: काहीतरी आलं होतं, पण काय होतं?

आपल्या लातूर-नांदेडकडच्या घरात ती पट्टी कधी कधी महत्त्वाचं सांगायला आलेली असते. हमीभाव केंद्रावर सोयाबीन कोणत्या दिवशी आणायचं, ते त्यात असतं. लातूरला शिकायला ठेवलेल्या लेकीच्या क्लासची वेळ बदलली, ते असतं. खात्यातून पैसे गेले, ते असतं. म्हणून "जाऊ द्या, परत येईल" असं म्हणून सोडू नका. ते बहुतेक वेळा परत येत नाही. पण शोधता येतं.

अँड्रॉईड फोनमध्ये त्यासाठी एक सोय आहे. तिचं नाव Notification history. फोन मराठीत असेल तर 'सूचना इतिहास' असं दिसेल. 2020 साली आलेल्या अँड्रॉईड 11 पासून ही सोय आहे. आलेलं नोटिफिकेशन तुम्ही पुसलं तरी त्यातला मजकूर, कोणत्या ॲपचं होतं आणि किती वाजता आलं, एवढं ती एक दिवस जपून ठेवते.

यात एक मेख आहे. ही सोय बहुतेक फोनमध्ये आधी बंद असते. बंद असताना जे आलं आणि गेलं, ते नंतर सुरू केल्यावर दिसत नाही. म्हणून काही हरवल्यावर हे शोधत बसू नका. आजच सुरू करून ठेवा.

सुरू कसं करायचं

आधी फोन अँड्रॉईड 11 किंवा त्यापुढचा आहे का, ते बघा. सेटिंग्जमध्ये सगळ्यात खाली About phone असतं. तिथे Android version समोर आकडा दिसेल. 11, 12, 13 किंवा त्याहून मोठा असेल तर पुढे चला.

आता सेटिंग्जच्या वरच्या बाजूला शोधायची जागा असते, भिंगाचं चित्र असलेली. तिथे Notification history असं टाइप करा. फोन मराठीत असेल तर 'सूचना इतिहास' टाका. हा रस्ता सगळ्यात सोपा. कारण प्रत्येक कंपनीनं ही गोष्ट वेगळ्या कप्प्यात ठेवली आहे आणि कप्पे शोधण्यात उगाच वेळ जातो.

शोधूनही सापडलं नाही तर हातानं जा. मोटोरोलासारख्या साध्या मांडणीच्या फोनमध्ये सेटिंग्ज, मग Notifications, मग Notification history. सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, Notifications, मग Advanced settings, आणि त्यात ती ओळ मिळते. ओप्पो, रियलमी, विवोमध्ये नोटिफिकेशनच्या पानावर More किंवा More settings अशी ओळ असेल तर तिच्या आत बघा. रेडमी आणि पोकोच्या बऱ्याच फोनमध्ये ही ओळ सेटिंग्जमध्ये दिसतच नाही. तुमच्याकडे तसं असेल तर तुमचं काही चुकलेलं नाही. त्या घरांनी काय करायचं, ते पुढे सांगतो.

पान उघडलं की वर एक बटण दिसेल. ते सुरू करा. झालं.

आता खात्री करून घ्या. घरातल्या कुणाला तरी तुम्हाला एक साधा एसएमएस पाठवायला सांगा. पट्टी आली की वाचू नका, बाजूला सारून पुसून टाका. मग परत त्याच पानावर जा. तो एसएमएस तिथे दिसला, तर सोय चालू आहे. दिसला नाही, तर बटण परत बघा. बऱ्याच फोनमध्ये यानंतर वरून पट्ट्यांचा पडदा ओढला की खाली History असं बटणही येतं. मग सेटिंग्जमध्ये जायचीही गरज राहत नाही.

पानावर काय दिसतं

पानाच्या वरच्या भागात नुकत्याच पुसलेल्या पट्ट्या असतात. खालच्या भागात मागच्या 24 तासांतलं सगळं असतं, ॲपप्रमाणे लावलेलं. ॲपच्या नावावर बोट ठेवलं की त्याच्या आतल्या नोंदी उघडतात. प्रत्येक नोंदीसोबत वेळ असते.

वरचा भाग फोन बंद करून सुरू केला की रिकामा होऊ शकतो. म्हणून काही महत्त्वाचं चुकून पुसलं गेलं, तर आधी हे पान उघडून वाचा. फोन बंद-चालू करण्याची घाई करू नका.

तीन गोष्टी या पानावर मिळणार नाहीत, हेही ठेवा लक्षात. एक, फोटो, ऑडिओ किंवा फाईल. फोटो आला असेल तर 'फोटो' एवढंच लिहिलेलं दिसेल. दोन, लांबलचक मजकूर पूर्ण मिळेलच असं नाही, कधी अर्धाच येतो. तीन, ज्या ॲपची नोटिफिकेशनं तुम्हीच बंद करून ठेवली आहेत, त्यांचं काहीच नसेल. पट्टी आलीच नाही, तर तिची नोंद कुठून येणार?

आणि ॲपच फोनमधून काढून टाकलं, तर त्याच्या नोंदीही जातात. तेव्हा आधी वाचा, मग काढा.

सोयाबीनच्या एसएमएसचं उदाहरण घ्या

समजा, उदगीरजवळच्या एका घरानं हमीभाव खरेदीसाठी केंद्रावर नाव नोंदवलं आहे. 2025-26 साठी केंद्र सरकारनं सोयाबीनला क्विंटलला 5,328 रुपये हमीभाव ठरवला. केंद्रावर माल कधी आणायचा, हे नोंदणी केलेल्या शेतकऱ्याला एसएमएसनं कळवतात. त्या दिवशी ट्रॅक्टर किंवा टेम्पो ठरवायचा असतो. हमाल सांगायचे असतात. पोती भरायची असतात. तारीख चुकली तर नंबर परत कधी येईल, हे सांगता येत नाही. मग माल बाजारात मिळेल त्या भावाला द्यावा लागतो.

आता मालक शेतात आहे. फोन घरी चार्जिंगला. लेकरानं खेळता खेळता Clear all दाबलं. संध्याकाळी मालक येतो. बायको म्हणते, "दुपारी फोन वाजला होता बरं, दोनदा."

इथं बरेच लोक फोन घेऊन इकडेतिकडे बोटं फिरवतात. तुम्ही तसं करू नका. या क्रमानं जा.

आधी Notification history उघडा. मागच्या 24 तासांत दुपारी काय आलं, ते बघा. समजा 1 वाजून 10 मिनिटांची नोंद Messages या ॲपची आहे आणि 1 वाजून 25 मिनिटांची व्हॉट्सॲपची. बस्स, अर्धं काम इथंच झालं. कोणत्या ॲपमध्ये शोधायचं, ते कळलं.

आता Messages उघडा. पट्टी पुसली म्हणजे एसएमएस पुसला गेला, असं नसतं. पट्टी म्हणजे दारावर टकटक करून गेलेला पोस्टमन. पत्र तो पेटीत टाकून गेला आहे. दुपारी 1 वाजून 10 मिनिटांचा एसएमएस तिथेच असेल, पूर्ण मजकुरासह. तारीख, केंद्राचं नाव, सोबत काय आणायचं, सगळं तिथे वाचा.

मग एसएमएस कुणाकडून आला, ते बघा. नुसत्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून आला आणि त्यात कुठली लिंक दाबायला सांगितली, तर दाबू नका. कंपन्या आणि सरकारी खाती एसएमएस पाठवताना नंबराऐवजी अक्षरांचं नाव वापरतात. 2025 पासून त्या नावाच्या शेवटी एक अक्षर लावतात. सरकारी एसएमएसला शेवटी -G असतं. जाहिरातीला -P असतं. तरीही शंका वाटली तर केंद्रावर जाऊन विचारा. तिथे तुमच्या नावाची नोंद असते.

आता रेडमी-पोकोवाल्यांसाठी. तुमच्याकडे हे पान नसेल तर पहिली पायरी सोडा आणि थेट दुसरीपासून सुरू करा. Messages उघडून आजचे एसएमएस बघा. मग फोनच्या कॉल यादीत सुटलेले कॉल बघा. मग व्हॉट्सॲपमध्ये जाड अक्षरातली, न वाचलेली नावं बघा. मग बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप उघडून त्यातला व्यवहाराचा इतिहास बघा. या चार जागांत बहुतेक वेळा सापडतंच. फक्त थोडं जास्त फिरावं लागतं.

व्हॉट्सॲपवर "डिलीट केलेला" मेसेज

इथं जरा सावध राहा. क्लासच्या ग्रुपवर एक मेसेज येतो. थोड्या वेळानं पाठवणारा तो सगळ्यांसाठी काढून टाकतो. चॅटमध्ये "हा मेसेज डिलीट करण्यात आला" एवढंच राहतं. पण पट्टीत तो मजकूर आला असेल, तर Notification history मध्ये तो वाचायला मिळू शकतो.

मिळालाच तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. माणूस मेसेज काढतो, तो बहुतेक वेळा त्यात चूक असते म्हणून. "उद्याची टेस्ट सकाळी 8 ला" असं लिहून शिक्षकांनी ते काढलं, तर ती वेळ चुकीची असण्याचीच शक्यता जास्त. लेकीला पहाटे उठवून पाठवण्याआधी ग्रुपवर किंवा क्लासच्या कार्यालयात विचारा.

आणि दुसऱ्यानं मागे घेतलेली गोष्ट वाचून घरात किंवा नात्यात वाद काढू नका. त्यातून हाती काहीच लागत नाही.

पुराचा इशारा या पानावर शोधू नका

हे नीट वाचा, कारण इथं लोकांची गल्लत होते.

2025 च्या ऑगस्टमध्ये नांदेडच्या मुखेड तालुक्यात एका रात्रीत मोठा पाऊस झाला. लेंडी धरणाच्या पाण्यानं हसनाळ, रावणगाव अशी गावं वेढली गेली. माणसं गेली, जनावरं गेली. अशा वेळी फोनवर आलेला इशारा पुसला गेला, तर तो परत वाचता येणं गरजेचं आहे.

सरकारकडून मोबाईल टॉवरवरून एक वेगळ्या प्रकारचा इशारा पाठवता येतो. फोन जोरात, नेहमीपेक्षा वेगळ्या आवाजात वाजतो आणि पडद्यावर मध्येच चौकट येते. 2023 मध्ये याची चाचणी झाली, तेव्हा राज्यात अनेकांचे फोन एकदम वाजले होते. "हा चाचणी संदेश आहे" असं त्यात लिहिलेलं होतं. OK दाबलं की ती चौकट जाते. मग ती एसएमएसमध्ये शोधली तर सापडत नाही.

तिची जागा वेगळी आहे. सेटिंग्जच्या शोधायच्या जागेत Wireless emergency alerts टाका. बऱ्याच फोनमध्ये ते Safety & emergency च्या आत असतं. उघडल्यावर Emergency alert history अशी ओळ मिळेल. आलेले इशारे तिथे तारीख-वेळेसह राहतात.

त्याच पानावर इशारे बंद करायची बटणंही असतात. आवाजाला घाबरून ती बंद करू नका. लेकरं बंद करतात, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर एकदा तपासून घ्या.

विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप वापरत असाल, तर त्याची पट्टी मात्र साधीच असते. ती Notification history मध्ये सापडेल. पण जुना इशारा वाचून निर्णय घेऊ नका. दुपारी 2 चा इशारा संध्याकाळी 5 ला उपयोगाचा नसतो. ॲप उघडून आत्ताची स्थिती बघा. आभाळ भरून गडगडत असेल तर आधी शेतातून आणि झाडाखालून निघा, फोन नंतर बघा.

कुठलंही दुसरं ॲप टाकू नका

"पुसलेले मेसेज परत दाखवतो" असं सांगणारी ॲप खूप आहेत. त्यांना चालायला एक परवानगी लागते, Notification access नावाची. ती दिली की तुमच्या फोनवर येणारं प्रत्येक नोटिफिकेशन ते ॲप वाचू शकतं. म्हणजे बऱ्याच फोनमध्ये बँकेचा ओटीपीही, खात्यातली शिल्लकही, घरातली बोलणीही.

फोनमध्ये सोय असताना हा धोका कशाला घ्यायचा? फोनमध्ये सोय नसेल, तरी चार जागा शोधणं त्यापेक्षा बरं.

व्हॉट्सॲपवर कुणी अशा ॲपची फाईल पाठवली तर ती मुळीच उघडू नका. नावाच्या शेवटी .apk असेल, तर फाईल पाठवणारा ओळखीचा असला तरी आधी त्याला फोन करून विचारा. त्याचाही फोन कुणी ताब्यात घेतलेला असू शकतो.

आधीच असं काही टाकलं असेल, तर आज एवढं करा. सेटिंग्जमध्ये Notification access शोधा. ज्या ॲपना परवानगी आहे, त्यांची यादी दिसेल. मनगटी घड्याळाचं ॲप असेल आणि तुम्ही ते घड्याळ वापरत असाल, तर राहू द्या. ज्याचं नाव ओळखत नाही, त्याची परवानगी काढा आणि मग ते ॲप फोनमधूनही काढून टाका. खात्यातून पैसे गेलेले दिसले, तर लगेच 1930 या नंबरवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. इथं तासाभराचा उशीरही महागात पडतो.

फोन दुसऱ्याच्या हातात देताना

ही सोय सुरू असली की तुमच्या फोनचं लॉक उघडणारा कुणीही मागच्या दिवसभराच्या पट्ट्या वाचू शकतो. त्यात ओटीपी असतात. कुणाशी काय बोलणं झालं, ते असतं.

फोन दुरुस्तीला देताना किंवा सेवा केंद्रावर फॉर्म भरण्यासाठी हातात देताना आधी Notification history च्या पानावर जा. बटण बंद करा. बंद केलं की तिथला सगळा साठा पुसला जातो. फोन परत हातात आला की पुन्हा सुरू करा. मधल्या वेळेतलं काही दिसणार नाही, पण ते चालेल.

घरात एकच फोन चौघांत फिरत असेल, तर या पानाबद्दल सगळ्यांना सांगून ठेवा. लपवून वापरलं की संशय वाढतो.

पट्टी जाऊच नये म्हणून

हातात काम असेल तर पट्टी पूर्ण बाजूला सारू नका. काही फोनमध्ये ती थोडी सरकवली की घड्याळाचं चित्र दिसतं. त्यावर दाबून अर्धा तास, एक तास अशी वेळ निवडा. पट्टी जाते आणि ठरल्या वेळी परत येते. तोवर ती Notification history मध्येही वेगळी दिसते.

लेकरांच्या हातात फोन देण्याआधी वरचा पडदा एकदा स्वतः ओढून बघा. जे कामाचं आहे, ते वाचून घ्या. Clear all चं बटण तिथेच असतं आणि लेकरांना तेच आधी सापडतं.

तारखेचा मेसेज वाचला की लगेच घरातल्या कॅलेंडरवर लिहा. सोयाबीनची तारीख, प्रवेशाची मुदत, वीजबिलाची शेवटची तारीख, सगळं. फोनमधली नोंद 24 तासांनी जाते, कॅलेंडरवरची जात नाही.

24 तास उलटून गेले असतील तर

मग या पानावर काही मिळणार नाही. तिथे वेळ घालवू नका. जिथून खबर आली असेल, तिथे विचारा. खरेदीची तारीख केंद्रावर विचारा, नोंदणीची पावती सोबत न्या. खात्याचा व्यवहार असेल तर बँकेत पासबुक भरून घ्या. क्लासची वेळ असेल तर कार्यालयाला फोन करा. वीजबिल असेल तर महावितरणच्या ॲपमध्ये ग्राहक क्रमांक टाकून बघा.

विचारताना पासबुकावर किंवा जुन्या बिलावर छापलेलाच नंबर वापरा. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या "कस्टमर केअर" नंबरवर फोन करू नका. आणि समोरच्यानं ओटीपी मागितला, तर तिथेच फोन ठेवा.